३९६ रुपये ४८ पैसे कशाचे?

पासबुक छापून घेतले किंवा मोबाइलवर स्टेटमेंट उघडले, की पगार, वीजबिल, एटीएममधून काढलेले पैसे अशा ओळखीच्या नोंदींमध्ये एखादी ओळ अशी निघते, की ती आपण केलेल्या कुठल्याच व्यवहाराशी जुळत नाही. समोर इंग्रजी आद्याक्षरांचा एक तुकडा असतो आणि रक्कम असते. रक्कम फार मोठी नसते, त्यामुळे बहुतेक जण चरफडतात आणि सोडून देतात. काही जण शाखेत जाऊन विचारतात. काउंटरवर उत्तर मिळते, "सिस्टिमने कापलेत, आमच्या हातात नाही." विषय तिथेच संपतो आणि पुढच्या महिन्यात तीच ओळ पुन्हा उमटते.

या उत्तरात अर्धे सत्य आहे. शुल्क खरोखरच संगणक कापतो. पण तो कोणत्या नियमाने आणि किती दराने कापेल, हे बँकेने त्यात आधी भरून ठेवलेले असते. भरलेली माहिती चुकू शकते आणि ती दुरुस्तही करता येते. त्यासाठी काउंटरवरचा वाद उपयोगी पडत नाही. शाखाधिकाऱ्याच्या नावे लिहिलेले एक पानभर पत्र उपयोगी पडते, मात्र ते नेमके असावे लागते. नेमके पत्र लिहायचे तर पेन हातात घेण्याआधी त्या रकमेचा उलगडा आपला आपण करून पाहावा लागतो. तो कसा करायचा आणि त्यातून पत्र कसे उभे राहते, हे एका उदाहरणावरून पाहू.

आधी नोंद ओळखा

खात्यातून गेलेली प्रत्येक अनोळखी रक्कम बँकेचे सेवाशुल्क नसते. मे महिन्याच्या अखेरीस अनेकांच्या खात्यातून ४३६ आणि २० रुपये जातात. ते प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे वार्षिक हप्ते असतात. कधीकाळी एका अर्जावर सही केलेली असते आणि ती विसरलेली असते. अशा वेळी शुल्काचा खुलासा मागून काही हाती लागत नाही. आपल्या संमतीच्या अर्जाची प्रत मागायची असते.

दुसरी शक्यता गंभीर आहे. नोंदीत एखाद्या दुकानाचे, ॲपचे किंवा अनोळखी यूपीआय पत्त्याचे नाव दिसले, तर तो फसवणुकीचा व्यवहार असू शकतो. तिथे पत्र लिहीत बसायचे नाही. बँकेच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करून कार्ड किंवा खाते बंद करायला सांगायचे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमानुसार, चूक त्रयस्थाची असेल आणि खातेदाराने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा भार येत नाही. उशीर केला, तर हे संरक्षण कमी होत जाते.

या दोन्ही शक्यता बाजूला पडल्या आणि नोंदीत `CHRG`, `CHG`, `SC`, `MAB`, `AMC` अशी अक्षरे असली, तर बहुधा ते बँकेचे शुल्क आहे. `MAB` म्हणजे महिन्याची सरासरी शिल्लक आणि `AMC` म्हणजे डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क. ही अक्षरे बँकेगणिक थोडी बदलतात.

इथे एक साधी युक्ती कामी येते. बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि अनेकदा शुल्क व कर मिळून एकच रक्कम कापली जाते. त्या रकमेला १.१८ने भागले, की मूळ शुल्क हाती येते. २३६ रुपये गेले असतील तर मूळ शुल्क २०० रुपये. २७ रुपये १४ पैसे गेले असतील तर मूळ शुल्क २३ रुपये. एटीएमच्या मोफत व्यवहारांची मर्यादा ओलांडल्यावर १ मे २०२५पासून जास्तीत जास्त इतकेच शुल्क लावता येते. भागाकार करून आलेला आकडा बँकेच्या शुल्कपत्रकात शोधला, की ते कोणत्या प्रकारचे शुल्क आहे याचा बहुतेक वेळा पत्ता लागतो. हे पत्रक बँकेच्या संकेतस्थळावर असते आणि शुल्काची माहिती शाखेतही लावलेली असावी लागते.

वाईच्या खात्याचे उदाहरण

समजा, एक तरुणी पुण्यात एका कंपनीत नोकरीला होती. तिचे पगाराचे खाते बँकेच्या पुण्यातल्या शाखेत होते. नोकरी सोडून ती वाईला परतली आणि तिने खाते तिथल्या शाखेत बदलून घेतले. खाते क्रमांक तोच राहिला, आयएफएससी कोड बदलला. पगार जमा होणे थांबल्यावर बँकेने ते खाते साध्या बचत खात्यात वर्ग केले. पगाराच्या खात्याला किमान शिल्लक लागत नव्हती, साध्या खात्याला ती लागते. हा बदल अनेकांच्या लक्षात येत नाही आणि पहिला दंड बहुधा अशाच वेळी बसतो.

८ जुलैला तिच्या स्टेटमेंटमध्ये `MAB CHRG JUN` अशी नोंद आली आणि ३९६ रुपये ४८ पैसे गेले. म्हणजे जून महिन्यात सरासरी शिल्लक कमी राहिली म्हणून हा दंड आहे. आता तो बरोबर आहे का, हे पाहायचे.

शुल्कपत्रकात तीन गोष्टी सापडतात. पुण्यासारख्या महानगरातल्या शाखेसाठी महिन्याची सरासरी शिल्लक १०,००० रुपये आणि निमशहरी शाखेसाठी ५,००० रुपये हवी. ती कमी पडली, तर तुटीच्या ६ टक्के किंवा ५०० रुपये, यांतले जे कमी असेल तेवढे शुल्क. त्यावर जीएसटी वेगळा. प्रत्येक बँकेचे आकडे निराळे असतात, पण मांडणी पुष्कळ ठिकाणी अशीच असते. बँकांच्या वर्गवारीत १०,००० ते १ लाखाच्या आतली लोकसंख्या असलेले गाव निमशहरी धरले जाते, आणि वाई त्यातच बसते.

सरासरी काढताना रोज दिवसअखेर खात्यात उरलेली शिल्लक धरतात. जूनच्या तीसही दिवसांच्या शिल्लक रकमांची बेरीज करायची आणि तिला ३०ने भागायचे. तिच्या खात्यात पहिले दहा दिवस ८,००० रुपये होते, पुढचे दहा दिवस ३,२०० आणि शेवटचे दहा दिवस २,०००. बेरीज होते ८०,००० अधिक ३२,००० अधिक २०,०००, म्हणजे १,३२,०००. तिला ३०ने भागले, की सरासरी ४,४०० रुपये येते.

इथे पुष्कळांची गफलत होते. "माझ्या खात्यात महिन्याच्या सुरुवातीला आठ हजार होते, मग दंड कसा?" असे ते विचारतात. एखाद्या दिवशी शिल्लक पुरेशी असून भागत नाही, पूर्ण महिन्याची सरासरी पुरावी लागते. याची उलट बाजू खातेदाराच्या सोयीची आहे. महिनाअखेर खाते जवळजवळ रिकामे झाले, तरी आधीच्या दिवसांत पुरेसे पैसे असतील तर सरासरी भरू शकते. म्हणून अंदाजाने बोलण्यापेक्षा बेरीज करणे चांगले.

वाईच्या शाखेला ५,००० रुपये हवेत आणि सरासरी ४,४०० आहे. तूट ६०० रुपयांची. तिच्या ६ टक्के म्हणजे ३६ रुपये, त्यावर १८ टक्के कर ६ रुपये ४८ पैसे. एकूण ४२ रुपये ४८ पैसे व्हायला हवे होते. कापले गेले ३९६ रुपये ४८ पैसे. फरक बरोबर ३५४ रुपयांचा आहे.

आता कापलेल्या रकमेपासून उलट जाऊ. ३९६.४८ला १.१८ने भागले, की मूळ शुल्क ३३६ रुपये येते. ३३६ रुपये हे कोणत्या रकमेचे ६ टक्के? ५,६०० रुपयांचे. म्हणजे बँकेने तूट ५,६०० धरली. प्रत्यक्ष सरासरी ४,४०० होती, तिच्यात ५,६०० मिळवले की १०,००० होतात. हा तर महानगरातल्या शाखेचा आकडा. खाते वाईला आले, पण संगणकात त्याला लावलेली शिल्लकेची अट पुण्याचीच राहिली, असा अंदाज या बेरजेतून निघतो.

हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. बँकेने कोणती अट लावली, हे बँकेची नोंदच सांगू शकेल. पण आता "एवढे पैसे का कापले?" असे मोघम विचारण्याऐवजी "आपण किमान शिल्लक १०,००० धरली की ५,०००?" असे विचारता येते. मोघम प्रश्नाला "नियमाप्रमाणे" असे मोघम उत्तर मिळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कुणाला तरी खाते उघडून पाहावेच लागते, आणि पाहिले की चूक दिसते.

दंडाचे तीन नियम

किमान शिल्लक किती ठेवायची आणि दंडाचा दर किती, हे बँकेचे संचालक मंडळ ठरवते. पण दंड कसा लावायचा, यावर रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४च्या परिपत्रकाने बंधने घातली आणि ती १ एप्रिल २०१५पासून लागू झाली. पत्र लिहिणाऱ्याला त्यांतली तीन माहीत असली तरी पुरे.

पहिले बंधन सूचनेचे आहे. शिल्लक कमी पडली की बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने खातेदाराला स्पष्ट कळवले पाहिजे, की सूचनेच्या तारखेपासून एक महिन्यात शिल्लक पूर्ववत केली नाही तर दंड लागेल. म्हणजे आधी सूचना, मग निदान एक महिन्याची सवड आणि त्यानंतर दंड. आपल्या उदाहरणात तरुणीला २ जुलैला एसएमएस आला होता आणि शुल्क ८ जुलैला कापले गेले. सवड मिळाली सहा दिवसांची. त्यामुळे ३५४ रुपये तर जादा कापले गेलेच, पण उरलेले ४२ रुपये ४८ पैसेही वेळेआधीच कापले गेले, असे ती म्हणू शकते. म्हणून बँकेचे एसएमएस घाईने पुसून टाकू नयेत. मोबाइल नंबर बदलला असेल तर तोही बँकेत वेळेवर बदलून घ्यावा. जुन्या नंबरवर सूचना गेली असेल, तर ही बाजू लंगडी पडते.

दुसरे बंधन प्रमाणाचे आहे. दंड तुटीच्या प्रमाणात हवा, म्हणजे कमी पडलेल्या रकमेच्या ठरावीक टक्के. पन्नास रुपये कमी पडलेल्याला आणि पाच हजार कमी पडलेल्याला एकसारखा दंड लावता येत नाही. दर तुटीच्या टप्प्यांनुसार वेगवेगळे असू शकतात.

तिसरे, निव्वळ या दंडामुळे बचत खात्याची शिल्लक शून्याच्या खाली जाता कामा नये. खात्यात ३० रुपये असताना ४०० रुपयांचा दंड कापून शिल्लक उणे दाखवली असेल, तर तेवढ्यावरूनच हरकत घेता येते.

याला जोडून निष्क्रिय खात्यांची तरतूदही ध्यानात ठेवावी. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार न केल्याने निष्क्रिय झालेल्या खात्याला किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करण्यासाठीही शुल्क घेता येत नाही. आईवडिलांची जुनी खाती हाताळणाऱ्यांना याचा उपयोग होतो.

पत्र

आता पत्र लिहायला हरकत नाही. ते मराठीत लिहिले तरी चालते. स्टेटमेंटमधली नोंद मात्र जशी छापली आहे तशीच, त्याच अक्षरांत उतरवावी, म्हणजे शोधणाऱ्याला ती लगेच सापडते. वाईच्या उदाहरणातले पत्र असे होईल:

प्रति,
मा. शाखाधिकारी,
(बँकेचे नाव), वाई शाखा

दिनांक: १४ जुलै

विषय: बचत खात्यातून ८ जुलै रोजी कापलेल्या ३९६.४८ रुपयांचा खुलासा व परतावा मिळणेबाबत

महोदय / महोदया,

आपल्या शाखेत माझे बचत खाते आहे (खाते क्रमांक: …). ८ जुलै रोजी `MAB CHRG JUN` या नोंदीने खात्यातून ३९६.४८ रुपये कापले गेले आहेत. ही आकारणी मला मान्य नाही. कारणे अशी:

१. माझ्या हिशेबाने जून महिन्याची सरासरी शिल्लक ४,४०० रुपये आहे. आपल्या शुल्कपत्रकानुसार निमशहरी शाखेला ५,००० रुपये सरासरी शिल्लक लागते. तूट ६०० रुपये असून तिच्यावर ६ टक्के दराने ३६ रुपये आणि जीएसटीसह ४२.४८ रुपये होतात. कापलेल्या रकमेवरून आकारणी करताना किमान शिल्लक १०,००० रुपये धरल्याचे दिसते. माझे खाते पुण्याहून आपल्या शाखेत बदलून आले आहे.

२. शिल्लक कमी असल्याचा एसएमएस मला २ जुलै रोजी मिळाला. रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४च्या परिपत्रकातील नियमानुसार सूचनेनंतर एक महिन्याची मुदत मिळायला हवी होती. शुल्क सहाव्या दिवशी कापले गेले.

तरी कृपया,

(अ) ही रक्कम कोणत्या किमान शिल्लकेवर, कोणत्या दराने आणि किती तुटीवर आकारली, ते लेखी कळवावे;

(आ) ३९६.४८ रुपये, त्यातील जीएसटीसह, खात्यात परत जमा करावेत;

(इ) माझ्या खात्याला निमशहरी शाखेची अट लागू आहे का, ते तपासून नोंद दुरुस्त करावी, म्हणजे पुढील महिन्यांत अशी आकारणी होणार नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

सोबत: १ जून ते ८ जुलैचे स्टेटमेंट, सरासरी शिल्लकेचा हिशेब, २ जुलैच्या एसएमएसची छापील प्रत.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक)

या पत्रात "माझी लूट झाली", "सामान्य माणसाला वाली नाही" असले एकही वाक्य नाही. राग खोटा असतो म्हणून ते गाळले, असे नाही. पत्र ज्याच्या टेबलावर जाईल, त्याला त्यातून काम करता यावे म्हणून ते गाळले आहे. शाखाधिकाऱ्याला रक्कम परत करायची तर त्याचे कारण नोंदवावे लागते, किंवा वरच्या कार्यालयाची मंजुरी मागावी लागते. पत्रातला पहिला मुद्दा त्याला ते कारण तयारच देतो.

तीन मागण्यांपैकी तिसरी बहुतेक जण विसरतात, आणि पैशांच्या हिशेबाने तीच सर्वांत मोलाची आहे. नुसता परतावा मागितला, तर तेवढी रक्कम जमा होईल आणि खात्याची नोंद तशीच राहील. मग ऑगस्टमध्ये जुलैचा दंड आणि सप्टेंबरमध्ये ऑगस्टचा. दर वेळी नवे पत्र आणि नवा हेलपाटा.

एका पत्रात एकच विषय ठेवावा. कार्डाचे शुल्क, एसएमएसचे शुल्क आणि लॉकरचे भाडे हे सगळे एकाच पत्रात घातले, तर सोप्या मुद्द्याचे उत्तर येते आणि अवघड मुद्दे तसेच पडून राहतात.

पोच घेतल्याशिवाय पत्र देऊ नये

पत्राच्या दोन प्रती कराव्यात. एक शाखेत द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. ही पोच फार महत्त्वाची आहे, कारण पुढची प्रत्येक मुदत तिच्यावरच्या तारखेपासून मोजली जाते. शाखेत कुणी "साहेब आल्यावर शिक्का मारू" म्हणाले, तर थांबावे किंवा दुसऱ्या दिवशी जावे. तरीही पोच मिळत नसेल तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. तोच मजकूर बँकेच्या तक्रार विभागाच्या ईमेलवर पाठवला, की तक्रार क्रमांक मिळतो. तो क्रमांकही पोच म्हणून चालतो.

उत्तर साधारणपणे तीन प्रकारचे येते. पहिल्यात बँक चूक मान्य करते आणि रक्कम परत जमा होते. तेव्हा स्टेटमेंट नीट पाहावे. शुल्क आणि कर यांच्या परताव्याच्या नोंदी वेगवेगळ्या येऊ शकतात. ३३६ रुपये परत आले आणि ६० रुपये ४८ पैसे राहून गेले, असे झाले असेल तर त्याच पत्राचा संदर्भ देऊन एका ओळीत कळवावे.

दुसऱ्या प्रकारचे उत्तर अर्धवट असते. "सदिच्छा म्हणून" काही रक्कम परत केली जाते, पण कारण दिले जात नाही. पैसे घ्यायला हरकत नाही. पण (अ) आणि (इ) या मागण्या अजून शिल्लक आहेत, असे लेखी कळवून ठेवावे.

तिसऱ्यात बँक हिशेब देते आणि तो बरोबर निघतो. हेही होते. खाते पुण्याच्याच शाखेत राहिले असेल आणि फक्त पासबुक वाईला छापून घेतले जात असेल, तर १०,००० रुपयांचीच अट लागू आहे. किंवा जूनच्या नोंदीखाली आधीच्या महिन्यांचा थकलेला दंड वसूल झालेला असतो. खात्यात पैसे नसल्यामुळे तो कापता आला नव्हता आणि रक्कम जमा होताच कापला गेला. बँकेने दंड पुढे रद्द केला, तरी आधीच्या महिन्यांची बाकी अशी येऊ शकते. भारतीय स्टेट बँकेने किमान शिल्लकेचा दंड मार्च २०२० मध्ये रद्द केला, आणि २०२५च्या मध्यावर आणखी काही सरकारी बँकांनी तेच केले. अशा बँकेत दंडाची नोंद दिसली, तर तो कोणत्या महिन्याचा आहे, हा प्रश्न पत्रात पहिला हवा.

शाखेने ऐकले नाही तर

बँकेने तक्रार नाकारली, उत्तर समाधानकारक दिले नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सर्व लोकपाल योजना एकत्र करणारी एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली. `cms.rbi.org.in` या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वकिलाची गरज नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणे ही अट आहे, आणि शाखाधिकाऱ्याला दिलेल्या पत्राची पोच ती पूर्ण करते. फोनवरचे बोलणे इथे कामी येत नाही. लोकपालाकडे जाण्यालाही मुदत असते, त्यामुळे ३० दिवस उलटले की फार रेंगाळू नये.

लोकपालाकडे काय मागायचे आणि काय नाही, हेही कळलेले बरे. "६ टक्के दर फार जास्त आहे" किंवा "किमान शिल्लक १०,००० असूच नये" ही तक्रार तिथे टिकत नाही. दर ठरवणे हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. बँकेने स्वतःच्याच शुल्कपत्रकाप्रमाणे आकारणी केली नाही, सूचना दिली नाही, महिन्याची सवड दिली नाही, या तक्रारी मात्र सेवेतल्या त्रुटीत मोडतात. वरच्या पत्रात दराबद्दल एक शब्दही नाही, तो याच कारणाने.

महाराष्ट्रात आणखी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. गावोगावच्या पतसंस्थाही बचत ठेवी घेतात आणि पासबुक देतात, पण त्या बँका नाहीत. त्यांची नोंदणी सहकार कायद्याखाली होते. तिथल्या कपातीची तक्रार आधी संस्थेच्या व्यवस्थापकाकडे आणि मग तालुक्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयाकडे करायची असते. लोकपालाचा किंवा २०१४च्या परिपत्रकाचा आधार तिथे मिळत नाही.

पैसे परत मिळाल्यावर

परतावा मिळाला आणि नोंदही दुरुस्त झाली, तरी एक प्रश्न उरतो. दरमहा ५,००० रुपयांची सरासरी या तरुणीला झेपणार आहे का? झेपणार नसेल, तर पुढचा दंड पूर्णपणे नियमाने लागेल आणि कोणतेही पत्र तो परत आणणार नाही.

यावर एक उपाय आहे आणि शाखेत तो सहसा कुणी स्वतःहून सुचवत नाही. प्रत्येक बँकेला मूलभूत बचत ठेव खाते द्यावेच लागते आणि त्याला किमान शिल्लकेची अट नसते. ते फक्त जनधन योजनेसाठी किंवा गरिबांसाठी असते, हा समज चुकीचा आहे. कुणीही ते उघडू शकतो, आणि चालू बचत खातेही अर्ज देऊन तसे करून घेता येते. त्या खात्यावर महिन्याला किमान चार वेळा विनाशुल्क पैसे काढता येतात आणि पैसे भरण्यावर बंधन नसते. अट एवढीच, की त्या बँकेत आपले दुसरे बचत खाते नसावे.

ज्याला जास्त वेळा पैसे काढावे लागतात किंवा भरपूर चेक वापरावे लागतात, त्याने साधे खाते ठेवून सरासरीकडे लक्ष द्यावे. दरमहा २० तारखेच्या सुमारास आतापर्यंतच्या शिल्लक रकमांची बेरीज केली, की उरलेल्या दिवसांत किती पैसे हवेत ते कळते. वाईच्या खात्यात २० जूनपर्यंतची बेरीज १,१२,००० होती. महिन्याला हव्या होत्या १,५०,०००. उरलेल्या दहा दिवसांत रोज ३,८०० रुपये शिल्लक राहिले असते, तर सरासरी बरोबर ५,००० भरली असती. म्हणजे २० तारखेनंतर दहा दिवस १,८०० रुपये जास्त ठेवले असते, तर दंडाचा प्रश्नच आला नसता.